तारीख दोघांची: प्रुफांवरच्या उशिरा येणाऱ्या अभिप्रायांबाबत मागणीपत्र

प्रति,
दिवाळी अंकांचे संपादक व प्रकाशक, वार्षिक अंक काढणाऱ्या संस्था आणि या अंकांना जाहिराती पुरवणाऱ्या जाहिरात संस्था

विषय: ठरलेल्या मुदतीनंतर येणाऱ्या दुरुस्त्या, त्यांमुळे कोलमडणारे छपाईचे वेळापत्रक आणि त्यावर आमच्या मागण्या

महोदय, महोदया,

आम्ही अक्षरजुळणी, मांडणी, मुद्रितशोधन आणि छपाईपूर्व तयारी करणाऱ्या लोकांची संघटना आहोत. आमच्यात एकट्याने घरी बसून अंक लावणारे आहेत, चारपाच माणसांची युनिटे आहेत आणि स्वतःचे छापखाने असलेलेही आहेत. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून या अंकाची शेवटची तारीख पंचांगच ठरवत आले आहे. पाठ्यपुस्तक आठवडाभर पुढे गेले तर चालून जाते. दिवाळी अंकाला ती मुभा नाही. वसुबारस उलटली की विक्रेता नवा अंक मांडायला नाखूश असतो, वाचनालयांचे गठ्ठे बांधून झालेले असतात आणि जाहिरातदार बिल थांबवतो. म्हणून या धंद्यात प्रुफावरचा अभिप्राय पाच दिवस उशिरा आला, तर ते पाच दिवस कुठून तरी काढावे लागतात. आजवर ते आमच्या रात्रींतून आणि मुद्रितशोधकाच्या वाचनातून काढले गेले. यापुढे ते कुठून काढायचे हे आधी ठरवून लिहून ठेवावे, एवढ्यासाठी हे मागणीपत्र आहे.

आमचा रोख दुरुस्त्यांवर नाही. संपादकाने शेवटपर्यंत अंकावर हात फिरवावा असे आम्हालाही वाटते. ज्या संपादकाच्या प्रुफावर एकही खूण नसते, त्याने ते वाचले की नाही अशी शंका आम्हाला येते. आमचे म्हणणे दुरुस्ती कधी येते, कोणाकडून येते आणि तिची किंमत कोण मोजतो याबद्दल आहे.

उशीर वाढतो कसा

हे नीट पटावे म्हणून एक नमुना अंक घेऊ. २०८ पाने, २,००० प्रती, आतला मजकूर एका रंगात, वर चार रंगांचे कव्हर. २० × ३० इंचांच्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून १६ पाने बसतात, तो एक फर्मा. २०८ पानांचे १३ फर्मे होतात. प्रत्येक फर्म्याला दोन प्लेटा, म्हणजे आतल्या मजकुराच्या एकूण २६ प्लेटा. दोन हजार प्रती ही मशीनसाठी लहान संख्या आहे. कागद पळायला लागला की एक बाजू लवकर उरकते. वेळ जातो तो प्लेट चढवण्यात, रजिस्टर जुळवण्यात आणि शाई सगळीकडे सारखी येईपर्यंत कागद चालवून बघण्यात. हे सव्वीस वेळा करायचे असते. म्हणून छापखाना अशा अंकासाठी सलग तीन दिवस मशीन राखून ठेवतो.

आता या अंकाचे वेळापत्रक पाहा. लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरच्या आसपास आहे असे समजू. संपूर्ण मजकूर २८ ऑगस्टला मिळायचा. पहिले प्रूफ ८ सप्टेंबरला जायचे, त्यावरचा अभिप्राय १५ ला यायचा. दुसरे प्रूफ १९ ला, अंतिम मंजुरी २२ ला, प्लेटा २३ आणि २४ ला. मशीन २५, २६ आणि २७ सप्टेंबरला. त्यानंतर आठवडाभर घड्या घालणे, फर्मे क्रमाने लावणे, कव्हर चिकटवणे आणि कटिंग. ६ ऑक्टोबरला अंक हातात.

पहिल्या प्रुफावरचा अभिप्राय १५ ऐवजी २० सप्टेंबरच्या रात्री आला, म्हणजे पाच दिवस उशीर झाला, असे धरा. पहिला समज असा असतो की ६ तारखेचा अंक फार तर ११ ला मिळेल. तसे होत नाही. दुरुस्त्यांना दोन दिवस, मग दुसरे प्रूफ, मग ते वाचायला आपल्यालाच तीन दिवस, मग प्लेटा. हे सगळे होईपर्यंत आपले मशीनचे तीन दिवस निघून गेलेले असतात आणि २८ पासून त्याच मशीनवर दुसऱ्या कोणाचा तरी दिवाळी अंक चढलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात छापखान्याचा एकही दिवस मोकळा नसतो. पुढची जागा मिळाली ४, ५ आणि ६ ऑक्टोबरची, तर बाइंडिंगला तेवढेच दिवस धरून अंक येतो १५ ला. पाच दिवसांचे नऊ झाले. नागपूरला, गोव्याला किंवा बेळगावला पार्सल जायचे असेल तर तो वेळ याच्या वर.

मजकुरात होणारी वाढ हे दुसरे कारण आहे, आणि ते मशीनच्या तारखेपेक्षाही कमी दिसते. ‘फक्त एक परिच्छेद टाकायचा आहे’ असा निरोप येतो. समजा हा परिच्छेद बारा ओळींचा आहे आणि तो ४५व्या पानावर जायचा आहे. लेख ४१ ते ५२ पानांवर आहे. तिसरा फर्मा ३३ ते ४८ पानांचा आणि चौथा ४९ ते ६४ पानांचा. ४५व्या पानापासून सगळ्या ओळी खाली सरकतात, तेव्हा या दोन्ही फर्म्यांच्या दोन्ही बाजू बदलतात. चार प्लेटा गेल्या. ५२व्या पानावर तळाला बारा ओळींची जागा असेल तर भर तिथेच मुरते. ती नसेल तर ५३ वर सुरू होणारी कथा ५४ वर जाते, तिच्यामागचे सगळे पुढे ढकलले जाते आणि अनुक्रमणिका चुकते. अनुक्रमणिका पहिल्या फर्म्यात असते. जाणते छापखानदार पहिला फर्मा शेवटी छापतात, ते याचसाठी. हेच दोन फर्मे छापून झाल्यावर निरोप आला, तर चार हजार छापील कागद, म्हणजे आठ रीम, रद्दीत जातात.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त सलते. उशिरा आलेला मजकूर बहुधा मोबाइलवर येतो, युनिकोडमध्ये. अंक लावलेला असतो जुन्या फाँटमध्ये, कारण अनेक अंकांची घडी आजही तीच आहे. मजकूर एका सांकेतिक पद्धतीतून दुसरीत नेताना काही जोडाक्षरे आणि रफार तुटतात, अवतरणचिन्हे बदलतात, कधी एखादी वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. पहिल्या दिवशी आलेल्या मजकुरातली ही मोडतोड मुद्रितशोधकाच्या दोन वाचनांत निघून जाते. शेवटच्या रात्री आलेला परिच्छेद कोणीच वाचत नाही. तो सरळ प्लेटवर जातो. अंक निघाल्यावर संपादकांना फोन येतात ते बहुतेक अशाच परिच्छेदातल्या चुकांबद्दल. आणि कोलोफोनमध्ये मुद्रितशोधक म्हणून छापलेले नाव ज्या माणसाचे असते, त्याला तो परिच्छेद कधी दाखवलेलाच नसतो.

मागणी पहिली: अभिप्रायाची तारीख ऑर्डरवर लिहावी

आपल्या ऑर्डरवर अंक देण्याची तारीख ठळक असते. अभिप्राय देण्याची तारीख कुठेच नसते, ती फोनवर ‘आठवड्यात पाहून कळवतो’ एवढ्यावर राहते. दोन्ही तारखा एकाच कागदावर, एकाच ठिकाणी आणि एकमेकींना बांधून लिहाव्यात. मजकूर मिळण्याची तारीख, प्रत्येक प्रूफ देण्याची आणि परत येण्याची तारीख, मंजुरीची तारीख आणि छापखान्याने राखून ठेवलेले मशीनचे दिवस, हे सगळे त्यात यावे. मशीनचे दिवस आपल्याला दिसले पाहिजेत असा आमचा विशेष आग्रह आहे. आजवर ही माहिती आम्ही स्वतःकडेच ठेवत आलो. त्यामुळे २३ तारखेला आलेली दुरुस्ती आणि २५ तारखेला आलेली दुरुस्ती यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, हे आपल्याला कळायला मार्गच नव्हता.

हा नियम आम्हालाही लागू राहील. आम्ही पहिले प्रूफ दोन दिवस उशिरा दिले, तर आपल्या अभिप्रायाची तारीख आपोआप दोन दिवस पुढे जाईल, आणि त्यामुळे मशीनचे दिवस हुकले तर तो खर्च आमचा.

ही मागणी कायद्याच्या चौकटीबाहेरची नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६७ नुसार, काम करून घेणाऱ्याने काम करणाऱ्याला ते पार पाडण्यासाठी लागणारी वाजवी सोय करून दिली नाही, तर त्यामुळे जे काम राहिले त्याच्या दोषातून काम करणारा मुक्त होतो. कायद्यानेच उदाहरण दिले आहे ते घर दुरुस्त करणाऱ्याचे: घराची दुरुस्ती कुठे हवी हे मालकाने दाखवलेच नाही, तर दुरुस्ती न झाल्याचा दोष कारागिरावर येत नाही. प्रुफावर खुणा करणे म्हणजे दुरुस्ती कुठे हवी ते दाखवणेच. तरीही आम्हाला या कलमाच्या आधाराने कोर्टात जायचे नाही. दिवाळीनंतर मिळालेला न्याय त्या अंकाच्या काही कामाचा नसतो. आम्हाला तारखा कागदावर हव्या आहेत, म्हणजे वाद उभाच राहणार नाही.

मागणी दुसरी: एक माणूस, एक प्रूफ

उशिराची कारणे आम्ही संघटनेत बसून चाळली. आळस किंवा बेफिकिरी हे कारण क्वचितच दिसले. बहुतेक वेळा पहिले प्रूफ उपसंपादकाने वेळेत वाचलेले असते, पण ज्यांचा शब्द शेवटचा, ते अध्यक्ष, मुख्य संपादक किंवा मोठे जाहिरातदार ते पहिल्यांदा पाहतात मंजुरीच्या आदल्या दिवशी. त्यांना लेखांचा क्रम पसंत पडत नाही, आणि त्यात त्यांची चूक नसते, कारण त्यांनी तो आधी पाहिलेलाच नसतो. म्हणून ज्यांना अंक बदलण्याचा अधिकार आहे त्यांनी पहिले प्रूफ पाहावे. दुसऱ्या प्रुफात फक्त पहिल्यातल्या दुरुस्त्या झाल्या की नाहीत एवढेच तपासावे.

अभिप्राय एकाच व्यक्तीकडून, एकाच प्रुफावर एकत्र करून यावा. त्या व्यक्तीचे नाव ऑर्डरवर असावे. लेखकाने थेट आम्हाला पाठवलेला बदल, पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, ‘त्या कवितेत तिसऱ्या ओळीत’ असा आवाजी निरोप, हे आम्ही दुरुस्ती म्हणून धरणार नाही. ते नम्रपणे त्या व्यक्तीकडे परत पाठवू. यात आडमुठेपणा नाही. पहिल्या प्रुफावरचा पान क्रमांक दुसऱ्या प्रुफात बदललेला असतो, आणि फोटोतले पान कोणत्या प्रुफाचे हे कळत नाही. लेखक एक ओळ वाढवायला सांगतो आणि संपादक तोच परिच्छेद काढायला सांगतो. अशा वेळी निवड करण्याचा अधिकार अक्षरजुळणी करणाऱ्याला नाही, आणि तो त्याच्यावर लादूही नये.

मागणी तिसरी: फर्मानिहाय मंजुरी

आमच्या दृष्टीने या मागणीपत्रातली ही सर्वांत महत्त्वाची मागणी आहे. उशीर झाल्यावरही अंक वेळेवर काढण्याची वाट याच मागणीतून जाते.

आज मंजुरी अख्ख्या अंकाची मागितली जाते आणि अख्ख्या अंकाचीच दिली जाते. त्यामुळे एका कथेवरचा वाद न सुटल्याने १३ फर्मे अडकतात. मशीनला मात्र अख्खा अंक एकदम लागत नाही, त्याला एका वेळी एक फर्मा लागतो.

वरच्या नमुना अंकाकडे परत जाऊ. २० सप्टेंबरच्या रात्री १४० खुणा आल्या. २१ च्या सकाळी त्या खुणांची यादी करायची आणि प्रत्येकीपुढे पान, फर्मा आणि परिणाम लिहायचा. समजा, त्यांतल्या ९६ खुणा ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, नावातली अक्षरे अशा आहेत. त्यांनी एकही ओळ हलत नाही. ३१ खुणांमुळे एक-दोन ओळी वाढतात किंवा कमी होतात, पण त्या त्याच लेखाच्या शेवटच्या पानावर, त्याच फर्म्यात मुरतात. ९ खुणा फर्म्याची हद्द ओलांडतात: तिसऱ्यातून चौथ्यात आणि आठव्यातून नवव्यात. उरलेल्या ४ परस्परविरोधी आहेत, सगळ्या अकराव्या फर्म्यात. अनुक्रमणिकेमुळे पहिला फर्मा तसाही थांबणारच.

म्हणजे अडलेले फर्मे सहा: १, ३, ४, ८, ९ आणि ११. मोकळे फर्मे सात. या सात फर्म्यांच्या दुरुस्त्या २१ आणि २२ ला करून २२ च्या संध्याकाळी प्रूफ द्यायचे, २३ ला फक्त एवढ्यांची मंजुरी घ्यायची, २४ ला प्लेटा काढायच्या आणि २५ व २६ ला ते छापून टाकायचे. मशीनची राखलेली जागा वाया जात नाही. दरम्यान अकराव्या फर्म्यातल्या चार प्रश्नांची उत्तरे आपण २२ ला द्यायची. सहा फर्म्यांचे प्रूफ आम्ही २४ ला देऊ. त्यांची मंजुरी २५ ला संध्याकाळी सहापर्यंत मिळाली, तर २६ ला प्लेटा होतात आणि २७ ला दुसरी पाळी लावून सहाही फर्मे छापता येतात. तोवर बाइंडरने पहिल्या सात फर्म्यांच्या घड्या घालायला सुरुवात केलेली असते. अंक ६ ऑक्टोबरलाच येतो. आपल्याला दुसऱ्या पाळीचा खर्च पडतो, आणि कमी पडलेला वेळ एखाद्या माणसाच्या झोपेतून वसूल होत नाही.

२५ ची संध्याकाळही चुकली, तर हे सहा फर्मे ४ ऑक्टोबरच्या जागेवर जातील. तरीही सात फर्म्यांच्या घड्या तयार असल्यामुळे बाइंडिंग आटोपशीर होईल आणि अंक १५ ऐवजी ११ च्या सुमारास मिळेल. एकही दुरुस्ती सोडून न देता चार दिवस वाचले.

या पद्धतीला मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. अडलेल्या फर्म्यात पान वाढले, तर मागचे छापलेले फर्मे निरुपयोगी होतील. म्हणून सात फर्मे मंजूर झाल्यावर अंकाची पानसंख्या आणि उरलेल्या लेखांचे सुरुवातीचे पान गोठवले पाहिजे. भर घालायची तर त्याच लेखातून तेवढ्याच ओळी काढाव्या लागतील किंवा चित्र लहान करावे लागेल. शिवाय दोन वेगवेगळ्या दिवशी छापलेल्या फर्म्यांच्या शाईत थोडा फरक दिसू शकतो. एका रंगाच्या मजकुरात तो सहसा जाणवत नाही. रंगीत चित्रपानांचा फर्मा असेल तर तो असा तोडू नये, तो एकाच बैठकीत छापावा.

मागणी चौथी: उशीर झाला की लगेच लेखी निवड

मुदत उलटली की आम्ही २४ तासांच्या आत आपल्याला एक पानभर पत्र देऊ. त्याला आम्ही बदलपत्र म्हणतो. त्यात तोवर आलेल्या खुणांची वर्गवारी, अडलेले फर्मे आणि तीन पर्याय असतील. पहिला: तारीख तीच, पण फक्त ओळ न हलवणाऱ्या दुरुस्त्या. दुसरा: सगळ्या दुरुस्त्या, नवी तारीख अमुक. तिसरा: सगळ्या दुरुस्त्या, फर्मे तोडून छपाई, जादा खर्च इतका. आपण एकावर सही करावी. प्लेट पुन्हा काढणे, दुसरी पाळी आणि जादा प्रूफ यांचे दर ऑर्डर देतानाच लिहिलेले असतील, त्यामुळे त्या घाईत घासाघीस करावी लागणार नाही.

आजपर्यंत चौथा एक पर्याय न बोलता गृहीत धरला जात होता: सगळ्या दुरुस्त्या, तारीखही तीच आणि पैसेही तेवढेच. तो पर्याय आम्ही बंद करत आहोत. तो फुकट असतो असे वाटते, पण त्यात दुसरे वाचन गळते आणि चूक छापली जाते. त्याची किंमत अंकाच्या नावाला मोजावी लागते.

तीन प्रकारच्या चुका या मागणीतून आम्ही स्वतःहून वगळतो. जिवंत व्यक्तीचा ‘कैलासवासी’ असा उल्लेख, कोणाची बदनामी करणारे किंवा कायद्याने अडचणीत आणणारे वाक्य, आणि लेखकाचे नाव चुकणे किंवा गळणे. या चुका मशीन सुरू असताना लक्षात आल्या तरी आम्ही मशीन थांबवू, बदलपत्राची वाट पाहणार नाही. खर्चाचे नंतर पाहू.

मागणी पाचवी: उत्तर न देणे म्हणजे मंजुरी नव्हे, पण मुदतवाढही नव्हे

या मागणीवर आमच्यातच बराच वाद झाला. काही सभासदांचे म्हणणे होते की मुदतीत उत्तर आले नाही तर प्रूफ मंजूर समजून छापून मोकळे व्हावे. त्यांनी आधार दिला तो सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ चा. माल किंवा सेवा पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर ती स्वीकारली असे तो कायदा धरतो. त्याच कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. पैशाच्या बाबतीत हा आधार आम्हाला मोलाचा आहे, आणि अंक स्वीकारल्यावर ‘जाहिरातीचे पैसे आले की देतो’ हे उत्तर आम्ही यापुढे मान्य करणार नाही.

प्रूफ ही मात्र पोचलेली वस्तू नव्हे. ते अर्धे काम असते. मौनाला मंजुरी समजून छापलेल्या दोन हजार प्रती परत कोऱ्या करता येत नाहीत, आणि चुका असलेला अंक आमच्या हातून बाहेर पडणे आम्हालाही नको आहे. म्हणून बहुमताने ठरले ते असे: सहीशिवाय एकही प्लेट निघणार नाही. पण मुदत उलटून ४८ तास झाले आणि बदलपत्रालाही उत्तर आले नाही, तर राखलेले मशीनचे दिवस आम्ही छापखान्याला परत करू, म्हणजे तो ते दुसऱ्या अंकाला देऊ शकेल. त्यानंतर जी जागा मिळेल ती आपली नवी तारीख. अशा वेळी तोवर झालेल्या कामाचे, म्हणजे अक्षरजुळणी, पहिले वाचन आणि मांडणी यांचे पैसे लगेच द्यावेत. ते अंक निघण्याशी बांधू नयेत.

जाहिरात संस्थांसाठी वेगळे

जाहिरातीचे पान उशिरा येणे ही दरवर्षीची गोष्ट आहे आणि त्यात संपादकांचाही इलाज चालत नाही, कारण अंकाचा खर्च त्यातूनच निघतो. म्हणून आमची सूचना आहे की उशिरा येऊ शकणाऱ्या जाहिरातींची पाने मांडणीच्या वेळीच एका फर्म्यात एकत्र ठेवावीत आणि तो फर्मा शेवटी छापावा. जाहिरात संस्थांनी फाईल कापण्याची जागा सोडून, सीएमवायकेमध्ये आणि ठरलेल्या मापात द्यावी. आरजीबीत आलेली जाहिरात छापल्यावर रंग मंद दिसला, तर ती आमची चूक धरू नये. त्या फर्म्याची मुदतही संपली, तर पान रिकामे सोडण्याऐवजी तिथे अंकाची स्वतःची जाहिरात छापण्याची परवानगी संपादकांनी ऑर्डर देतानाच द्यावी.

आमच्याकडून

अभिप्रायाच्या मुदतीच्या दोन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी आम्ही आठवण करू. प्रत्येक प्रुफाच्या पानावर प्रुफाचा क्रमांक आणि तारीख छापलेली असेल, म्हणजे जुन्या प्रुफावर खुणा होणार नाहीत. पहिल्या प्रुफासोबत फर्म्यांचा तक्ता देऊ, कोणते पान कोणत्या फर्म्यात आहे ते त्यात दिसेल. मुदतीत आलेल्या अभिप्रायातली एखादी खूण आमच्याकडून राहिली, तर तिच्या प्लेटचा आणि कागदाचा खर्च आमचा.

या मागण्या आम्ही पुढच्या दिवाळी अंकांच्या ऑर्डरींपासून लागू करू इच्छितो. बहुतेक ऑर्डरी मे-जूनमध्ये ठरतात, म्हणून त्याआधी, एप्रिलअखेर, आपल्या प्रतिनिधींसोबत एक बैठक व्हावी अशी विनंती आहे. चर्चा सोपी जावी म्हणून ऑर्डरवर घालायचा मजकूर खाली देत आहोत. त्यातल्या दिवसांच्या संख्या आपल्या अंकाच्या पानसंख्येप्रमाणे बदलता येतील:

‘पहिल्या प्रुफावरचा एकत्रित अभिप्राय श्री./श्रीमती ______ यांच्याकडून दि. ______ पर्यंत मिळेल. या अंकासाठी मशीन दि. ______ ते ______ राखून ठेवले आहे. मंजुरी फर्मानिहाय दिली जाईल. अभिप्राय मुदतीत न आल्यास मुद्रणपूर्व व्यावसायिक २४ तासांत बदलपत्र देईल आणि ग्राहक त्यातील एका पर्यायावर सही करेल. सहीशिवाय प्लेट निघणार नाही. मुदतीनंतर ४८ तास उत्तर न आल्यास राखलेले दिवस छापखान्याला परत केले जातील व तोवरच्या कामाचे देयक देय होईल. व्यावसायिकाकडून प्रूफ उशिरा मिळाल्यास अभिप्रायाची मुदत तितकेच दिवस वाढेल.’

आपले,
कार्यकारिणी व सर्व सभासदांच्या वतीने